जुनी गाडी घेताना ॲपचं आधी विचारा: विक्रेत्याला पाठवायचा मेल, पायरीपायरीने

मे २०२५ मध्ये माझ्या फैजपूरच्या मेहुण्याने धुळ्याची एक गाडी पसंत केली. फेब्रुवारी २०२१ ची ऑटोमॅटिक पेट्रोल एसयूव्ही, एकच मालक, तोही निवृत्त बँक अधिकारी. भाव ठरला, इसार द्यायचा तेवढा बाकी होता. तेव्हा नाना म्हणाले (विक्रेत्याला घरीदारी सगळे नानाच म्हणतात), "गाडीचं ॲप चालू आहे. घरात बसून एसी सुरू करता येतो. दोन वर्षांचे पाच हजार भरलेत मी, तेवढे वरून द्या." आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. केळीच्या बागेशेजारी उन्हात उभी केलेली गाडी उघडली की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. मेहुण्याला ते पाच हजार लगेच पटले. मी म्हटलं, पैसे नंतर, आधी त्यांना एक मेल टाकू.

तो मेल कसा लिहिला, उत्तर काय आलं आणि गाडी ताब्यात घेताना काय काय केलं, ते इथे क्रमाने देतो. २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू, एमजी हेक्टर आणि किया सेल्टोस आल्या आणि मधल्या किमतीच्या गाड्यांत इंटरनेट आलं. व्हेन्यू आणि सेल्टोसला ही सेवा पहिली ३ वर्षं फुकट होती. त्या काळातल्या गाड्या आता जुन्या बाजारात आहेत आणि त्यांची फुकटची मुदत संपलेली आहे. म्हणून हा प्रश्न आता आपल्या तालुक्याच्या गावांतही येतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

नाना "ॲप चालू आहे" म्हणाले त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

पहिली गोष्ट म्हणजे पॅक, म्हणजे पैसे भरून घेतलेली सेवा. गाडीच्या आत एक छोटं यंत्र असतं आणि त्यात कंपनीने बसवलेलं ई-सिम असतं. लांबून एसी सुरू करणं, गाडी कुठे आहे ते फोनवर बघणं, दार लॉक करणं, अपघातात मदतीचा फोन लागणं, हे सगळं त्या सिमवरून चालतं. कंपनीच्या सर्व्हरवर हा पॅक बहुधा गाडीच्या १७ अक्षरी चासी नंबरासमोर नोंदवलेला असतो. पण काही कंपन्यांचे काही पॅक ग्राहकाच्या खात्याशी बांधलेले असतात आणि मालक बदलला की संपतात. हे कंपनीप्रमाणे बदलतं, एकाच कंपनीत पॅकप्रमाणेही बदलतं. त्यामुळे शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट म्हणजे ॲपमधला प्रवेश. तो माणसाच्या मोबाइल नंबरावर असतो, ओटीपीने उघडतो. त्यात एक मुख्य वापरकर्ता असतो आणि त्याने जोडलेले दुय्यम वापरकर्ते असतात. मुख्य वापरकर्ता किंवा कंपनी गाडी खात्यातून काढत नाही, तोवर आरटीओत आरसी कोणाच्याही नावावर झाली तरी ॲपच्या लेखी गाडी त्याचीच राहते. परिवहनची नोंद आणि ॲपची नोंद यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिली बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही.

हा धोका कागदावरचा नाही. आयबीएमचे सुरक्षा तज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत आपलाच अनुभव सांगितला होता. गाडी विकण्याआधी त्यांनी आपली सगळी माहिती पुसली होती, तरी काही वर्षांनंतरही जुनी गाडी त्यांच्या फोनच्या ॲपमध्ये दिसत होती आणि ती फोनवरून उघडताही येत होती. गाडीतल्या स्क्रीनवरचं फॅक्टरी रीसेट सहसा फक्त स्क्रीनमधली माहिती पुसतं, कंपनीच्या सर्व्हरवरची जोडणी तशीच राहते.

मेल लिहिण्याआधी काय जमवायचं

चासी नंबरचे शेवटचे सहा आकडे, नोंदणीचा महिना आणि मॉडेलचं नेमकं व्हेरियंट एवढं हाताशी ठेवा. व्हेरियंट महत्त्वाचं, कारण एकाच गाडीच्या खालच्या व्हेरियंटमध्ये ई-सिमच नसतं. अशा गाडीचा विक्रेता "ॲप आहे" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बऱ्याचदा अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असतं. ते तुमच्या फोनच्या नेटवर चालतं, त्याचे पैसे नसतात आणि त्यात हस्तांतर करण्यासारखंही काही नाही.

नंतर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा. मात्र तुम्ही अजून मालक नाही, त्यामुळे त्या विशिष्ट गाडीच्या खात्याबद्दल ते तुम्हाला काही सांगणार नाहीत आणि ते योग्यच आहे. तुम्ही फक्त नियम विचारा: या मॉडेलचा पैसे भरलेला पॅक मालक बदलल्यावर उरलेल्या मुदतीसाठी नव्या मालकाला मिळतो का, आणि नव्या मालकाला नोंदणीसाठी काय कागद लागतात. गाडीपुरतं उत्तर विक्रेत्यानेच आपल्या नोंदणीकृत नंबरावरून काढायचं. म्हणूनच मेल त्याला लागतो.

मेलच का

नानांशी फोनवर दहा वेळा बोलणं झालं होतं. पण फोनवर "सगळं ट्रान्सफर होतं हो, काळजी करू नका" यापलीकडे गाडी जात नव्हती. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं. मेलमध्ये प्रश्न समोर राहतात, माणूस ॲप उघडून बघून उत्तर देतो, स्क्रीनशॉट जोडतो आणि तारखेसह लेखी राहतं. व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट मागितले तरी चालतात, पण शंभर "गुड मॉर्निंग"खाली ते शोधावे लागतात.

विचारताना एक पथ्य पाळा. "ट्रान्सफर होतं का?" असा हो-नाहीचा प्रश्न टाळा. विक्रेत्याला डोळ्यांनी बघून सांगता येईल असंच विचारा: पॅकचं नाव, मुदतीची तारीख, खातं कोणाच्या नंबरावर आहे. पासवर्ड किंवा ओटीपी कधीही मागू नका. "लॉगिनच देऊन टाका, आम्ही वापरू" हा सोपा वाटणारा मार्गही धरू नका, कारण तो नंबर उद्या बंद झाला की तुमची गाडी अडकते.

आम्ही पाठवलेला मेल असा होता. नंबर तेवढे काढले आहेत.

> विषय: धुळ्याची एसयूव्ही (चासी नंबर शेवटी ……) – ॲप आणि पेड पॅकची माहिती हवी
>
> नमस्कार नाना,
>
> रविवारी गाडी दाखवलीत, चहापाणी केलंत, त्याबद्दल आभार. गाडी आम्हाला पसंत आहे आणि ठरलेल्या भावाला आम्ही तयार आहोत. इसार देण्याआधी फक्त ॲपबद्दल नक्की करून घ्यायचं आहे. खालची माहिती ॲप उघडून बघितली की मिळेल.
>
> १. ॲपमध्ये सबस्क्रिप्शनच्या पानावर पॅकचं नाव आणि तो संपण्याची तारीख काय दिसते? त्या पानाचा आणि पैसे भरल्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट पाठवाल का?
>
> २. गाडी ॲपमध्ये कोणाच्या मोबाइल नंबरावर नोंदवलेली आहे? तो नंबर आज चालू आहे का आणि तो फोन कोणाकडे असतो?
>
> ३. घरातल्या आणखी कोणाच्या किंवा ड्रायव्हरच्या फोनमध्ये ही गाडी जोडलेली आहे का? फोनच किल्ली म्हणून वापरायची सोय कोणाला दिली आहे का?
>
> ४. पॅकचे पैसे दर वर्षी आपोआप कापले जातात अशी सोय तुमच्या बँकेत किंवा यूपीआयमध्ये लावलेली आहे का?
>
> ५. कृपया तुमच्या नोंदणीकृत नंबरावरून कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा की गाडी विकल्यावर पॅकची उरलेली मुदत नव्या मालकाला मिळते की रद्द होते. तक्रार क्रमांक किंवा त्यांचा मेल आला तर आम्हाला पुढे पाठवा.
>
> ६. गाडीचा ताबा देताना आमच्यासमोर ॲपमधून गाडी काढून द्याल का? ओटीपी तुमच्याच फोनवर येईल, आम्हाला तो नको.
>
> पॅकच्या पैशांबद्दल आमचं म्हणणं असं की पॅक नव्या मालकाला मिळत असेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे आम्ही आनंदाने देऊ. मिळत नसेल तर ती रक्कम भावात धरू नये. ॲपशिवायही गाडी आम्हाला हवीच आहे.
>
> गुरुवारपर्यंत उत्तर मिळालं तर शनिवारी इसार घेऊन धुळ्याला येतो.
>
> आपला,
> (नाव, गाव, मोबाइल)

शेवटून दुसरा परिच्छेद मुद्दाम लिहिला होता. "ॲपशिवायही गाडी हवीच आहे" हे वाक्य नसतं तर विक्रेत्याला वाटलं असतं की हे भाव पाडायला निमित्त शोधताहेत, आणि मग खरी उत्तरं मिळणं कठीण झालं असतं.

उत्तर कसं वाचायचं

दोन दिवसांनी नानांचं उत्तर आलं आणि पहिल्याच स्क्रीनशॉटने चित्र बदललं. पॅक फेब्रुवारी २०२६ मध्ये संपत होता. म्हणजे हिशेब असा: फुकटची ३ वर्षं फेब्रुवारी २०२४ ला संपली, तेव्हा नानांनी २४ महिन्यांचे ५,००० भरले, आणि मे २०२५ अखेरीस त्यातले ९ महिने उरले होते. महिन्याला साधारण २०८ रुपये पडतात, ९ महिन्यांचे १,८७५. नाना मागत होते ५,०००. त्यांच्या मनात लबाडी नव्हती. आपण भरलेली रक्कम माणसाला लक्षात राहते, त्यातली किती वापरून झाली ते राहत नाही.

दुसरं उत्तर त्याहून महत्त्वाचं निघालं. खातं नानांच्या नंबरावर नव्हतंच. गाडी घेतली तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने सगळं जोडून दिलं होतं. मुख्य वापरकर्ता मुलगा आणि नाना दुय्यम. दुय्यम वापरकर्त्याने गाडी काढली तर फक्त त्याचा स्वतःचा प्रवेश जातो, जोडणी तशीच राहते. आम्ही मेल न लिहिता धुळ्याला गेलो असतो, नानांनी आमच्यासमोर ॲप पुसून दाखवलं असतं, सगळे समाधानाने घरी आलो असतो आणि गाडी पुण्यातल्या फोनमध्ये दिसत राहिली असती.

हा प्रकार आपल्याकडे फार आहे, म्हणून दुसरा प्रश्न कधीही वगळू नका. कधी खातं मुलाच्या, पुतण्याच्या नंबरावर असतं, तर कधी डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममधल्या पोराने घाईत स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. तो नंबर आता बंद असेल तर आणखी अडचण, कारण बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी मोबाइल कंपनी दुसऱ्याला देऊ शकते आणि मग ओटीपी अनोळखी माणसाकडे जातो. असं उत्तर आलं तर विक्रेत्याला सांगा की ताबा देण्याआधी आरसीच्या आधारे ग्राहक सेवेकडून नंबर बदलून घ्या. आज मालक तो आहे, त्याचं काम पटकन होतं.

पाचव्या प्रश्नाला नानांनी ग्राहक सेवेचा मेल पुढे पाठवला. त्यांच्या गाडीपुरतं उत्तर असं होतं की पॅक चासी नंबरावर आहे, उरलेली मुदत चालू राहील, पण नव्या मालकाला नव्या आरसीसह स्वतःची ओळख पटवून नोंदणी करावी लागेल. ओळख का पटवायची, याचं कारण दूरसंचार खात्याच्या नियमांत आहे. यंत्रात बसवलेल्या अशा सिमसाठी २०१८ पासून वेगळे नियम आहेत आणि ते यंत्र प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात आहे ती नोंद ठेवावी लागते. त्यामुळे आधार किंवा तत्सम कागद मागितले तर ते कंपनीच्या अधिकृत ॲपमध्येच चढवा, एजंटाच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

उत्तर आलंच नाही, किंवा "या, आल्यावर बघू" एवढंच आलं, तर एकदा आठवण करा आणि पॅकची किंमत शून्य धरून भाव बोला. ॲप काढून देण्याची अट मात्र सोडू नका, कारण ती पैशांची बाब नसून गाडीच्या दाराची आहे.

ताब्याच्या दिवशीचा क्रम

आम्ही ठरवलं की शेवटचे पैसे देण्याआधी मुलाने पुण्याहून गाडी काढायची. शनिवारी धुळ्यात नानांच्या अंगणात बसून त्याला व्हिडिओ कॉल लावला. क्रम असा ठेवला आणि तोच ठेवावा.

आधी त्याने वापरकर्त्यांची यादी उघडली. त्यात नानांशिवाय जुन्या ड्रायव्हरचंही नाव निघालं. दोघांना काढलं. नंतर फोन-किल्लीची सोय तपासली, कारण काही गाड्यांत ती वेगळी रद्द करावी लागते. त्यानंतर ॲपमधला गाडी काढण्याचा किंवा मालकी सोडण्याचा पर्याय निवडला, ओटीपी त्याच्या फोनवर आला, त्याने टाकला. नाव कंपनीगणिक वेगळं असतं, पण हा पर्याय बहुधा "माझी गाडी" किंवा प्रोफाइलच्या पानावर असतो. फोनमधून ॲप डिलीट करणं म्हणजे गाडी काढणं नव्हे. तसं कोणी केलं तर पुन्हा ॲप टाकलं की गाडी हजर होते.

म्हणूनच तपासणी लागते. मुलाने लॉगआउट केलं, पुन्हा लॉगिन केलं आणि गाडीची यादी रिकामी असल्याचं कॅमेऱ्यात दाखवलं. नानांच्या फोनवरही तेच केलं. सगळ्यात शेवटी गाडीच्या स्क्रीनवर फॅक्टरी रीसेट केलं, म्हणजे नानांचे फोन नंबर आणि घरचा पत्ता पुसला गेला. रीसेट आधी करू नका. काही गाड्यांत खातं काढताना स्क्रीनवर येणारी खात्री तिथेच द्यावी लागते.

यापुढे नानांकडे ॲप नव्हतं आणि मेहुण्याकडेही नव्हतं. हे मधले दिवस गृहीत धरा. आरसी नावावर व्हायला आरटीओच्या गर्दीप्रमाणे आठवडे लागतात. आमच्या बाबतीत धुळ्याची एनओसी, मग जळगावला फॉर्म २९ आणि ३०, ज्यांना आपल्याकडे टीटीओ फॉर्म म्हणतात. या काळात "तोवर माझ्याच ॲपमध्ये राहू द्या, लागलं तर मी एसी लावून देईन" असं विक्रेता प्रेमाने म्हणतो. नम्रपणे नाही म्हणा. त्याने ते चुकून दाबलं तरी तुमच्या बंद शेडमध्ये इंजिन सुरू होऊ शकतं.

पैशांचं आम्ही असं ठेवलं की गाडीची पूर्ण रक्कम त्याच दिवशी दिली, पॅकचे ढोबळमानाने धरलेले १,८०० मात्र नोंदणी यशस्वी झाल्यावर द्यायचे. हे सौदापावतीवर एका ओळीत लिहिलं: "ॲप पॅकची रक्कम रु. १,८०० नव्या मालकाच्या नावे सेवा सुरू झाल्यावर देय." नानांनी बँकेचं आपोआप कापणंही तिथेच बंद केलं. चालू मुदतीचे पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे त्याने सहसा मुदत तुटत नाही, तरी बंद केल्यावर सबस्क्रिप्शनची तारीख पुन्हा बघून घ्यावी.

डीलरकडून घेत असाल तर

जुन्या गाड्यांच्या डीलरला हाच मेल पाठवा, फक्त दुसरा प्रश्न असा करा: "पहिल्या मालकाने ॲपमधून गाडी काढल्याचा पुरावा तुमच्याकडे आहे का?" बहुतेकदा नसतो, आणि पहिला मालक आता फोन उचलत नाही. मग आरसी तुमच्या नावावर झाल्यावर ती घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडे किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुनं खातं काढायची विनंती करावी लागते. ते होतं, पण वेळ लागतो, म्हणून डीलरकडून पॅकचे वेगळे पैसे देऊन काही घेऊ नका.

नोंदणी आणि नेटवर्क

ई-सिम कोणत्या मोबाइल कंपनीचं असावं हे गाडीची कंपनी ठरवते. तुमच्या गावात ज्याची रेंज आहे ते सिम घालता येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, पाल गावाकडे किंवा तोरणमाळच्या घाटात गाडी उभी असेल तर पॅक भरलेला असूनही लांबून एसी लागणार नाही. म्हणून इसार देण्याआधी शक्य असेल तर गाडी आपल्या नेहमीच्या जागी आणून विक्रेत्याला त्याच्या फोनवरून एकदा एसी लावायला सांगा. धुळ्यात चाललं म्हणजे शेतात चालेल असं नाही.

मेहुण्याची आरसी जुलैत आली. ॲपमध्ये चासी नंबर टाकला, आरसी आणि ओळखीचा कागद चढवला. दोन दिवसांनी मंजुरी आली आणि गाडीच्या स्क्रीनवर एक कोड मागितला. शेतातल्या शेडमध्ये कोड येईना, स्क्रीनवर रेंजची एकच काडी. गाडी फैजपूरच्या रस्त्याला मोकळ्यावर नेली तेव्हा मिनिटभरात जोडली गेली. वापरकर्त्यांच्या यादीत एकच नाव, पॅकची तारीख फेब्रुवारी २०२६. त्याचा स्क्रीनशॉट नानांना त्याच जुन्या मेलच्या उत्तरात पाठवला आणि १,८०० रुपये त्याच संध्याकाळी त्यांच्या खात्यात टाकले.